सव्वीस आधारांचं एक पान

उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल होते तेव्हा ती बहुधा दोनशे पानांची असते. ती लिहिणारा वकील महिनाभर तिच्यासोबत राहिलेला असतो. प्रत्यक्ष युक्तिवाद करणारे सिनियर मात्र ती अनेकदा आदल्या रात्री, कधी कधी तर बोर्डावर आपलं मॅटर पुकारलं जाण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत हातात घेतात. त्या दिवशी त्यांच्यापुढे आणखी चार-पाच ब्रीफ असतात. म्हणून याचिकेच्या वर एक वेगळं पान लावलेलं असतं. आदेशाला आव्हान कोणत्या आधारांवर आहे आणि न्यायालयाकडे नेमकी काय दाद मागितली आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. हे पान न्यायालयात दाखल होत नाही आणि पक्षकाराला ते दिसतही नाही. पण सुनावणीच्या पहिल्या दहा मिनिटांत काय बोललं जाणार, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरतं. ते पान कसं तयार होतं, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण महाराष्ट्रात या जातीच्या याचिका रोज दाखल होतात.

एका मुलीला अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. तिचा दावा 'ठाकूर' जमातीचा आहे. तपासणी समितीने तिचं जमातीचं प्रमाणपत्र अवैध ठरवलं आणि वैधता प्रमाणपत्र सादर करायला आता दहा दिवस उरले आहेत. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ७(२) नुसार समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. फक्त संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. त्यामुळे 'आधी दुसरीकडे दाद का मागितली नाही' हा रिट याचिकेतला नेहमीचा अडथळा इथे उद्भवत नाही. पानाच्या डोक्यावर त्यासाठी एक ओळ पुरते.

याचिकेत आधार आहेत सव्वीस. पहिला असा : 'सदर आदेश बेकायदेशीर, मनमानी, विकृत, नैसर्गिक न्यायतत्त्वांच्या विरुद्ध आणि अनुच्छेद १४ व २१ चा भंग करणारा आहे.' असं वाक्य जवळपास प्रत्येक याचिकेत सापडतं आणि त्याचा सिनियरना काहीही उपयोग नसतो. आदेश कुठल्या पानावर, कोणत्या वाक्यात चुकला आणि ती चूक कोणत्या कायद्याच्या विरुद्ध जाते, यातलं काहीच त्यात नाही. नवखे ज्युनियर हे सव्वीस आधार थोडक्यात उतरवून काढतात आणि त्यालाच यादी म्हणतात. तसं केलं की दोनशे पानांचा गोंधळ तीन पानांत आटतो, पण तो गोंधळच राहतो.

म्हणून काम याचिकेपासून सुरू न करता आव्हानित आदेशापासून सुरू करावं लागतं. आदेश परिशिष्ट 'अ' मध्ये, पान ३८ ते ५९ वर आहे. तो वाचताना एकच प्रश्न विचारायचा. समितीने दावा नाकारला तो कोणत्या कारणांनी? बावीस पानांपैकी सोळा पानं पक्षांची कथनं आणि कायद्याचे उतारे यांनी भरलेली असतात. खरी कारणं शेवटच्या सहा पानांत निघतात, आणि आपल्या उदाहरणात ती चार आहेत. वडिलांचं २००९ चं वैधता प्रमाणपत्र 'दक्षता चौकशीविना मिळालेलं' म्हणून बाजूला ठेवलं. मुलगी आणि तिचे कुटुंबीय आप्तभाव चाचणीत, म्हणजे जमातीच्या देवदेवता, विवाह आणि अंत्यविधी यांविषयीच्या प्रश्नांत, उतरले नाहीत. कुटुंब मूळचं ठाकूर जमातीच्या पारंपरिक पट्ट्यातलं नाही. आणि एका चुलत आजोबांच्या १९५७ च्या शाळेच्या नोंदीत 'भाट' असं लिहिलेलं आहे.

याचिकेतला जो आधार या चारांपैकी एकाही कारणाला भिडत नाही, तो पानावर येत नाही. सव्वीसपैकी अठरा इथेच गळतात. उरलेल्या आठांमध्ये तेच मुद्दे वेगळ्या शब्दांत आलेले असतात. ते एकत्र केले की हातात चार आधार उरतात.

आता या चारांचा क्रम. माझ्या मते या कामातली खरी अक्कल इथे लागते, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. याचिकेत आधार सुचले त्या क्रमाने लिहिलेले असतात. पानावर ते त्यातून मिळू शकणाऱ्या दादेच्या क्रमाने यायला हवेत. सगळे आधार जिंकून सारखंच फळ मिळत नाही. १९५७ ची 'भाट' ही नोंद मुलीला न दाखवताच तिच्याविरुद्ध वापरली, हा आधार अतिशय भक्कम आहे. दक्षता पथकाचा अहवाल पान ८० ते ९६ वर आहे आणि त्यात या नोंदीचा उल्लेखच नाही. कारणे दाखवा नोटिशीतही नाही. तिचं ऐकून न घेता तिच्याविरुद्धचा पुरावा स्वीकारला गेला, हे कुणीही मान्य करील. पण या आधारावर जिंकलो तर न्यायालय काय करील? आदेश रद्द करून प्रकरण समितीकडे फेरनिर्णयासाठी परत पाठवील. समिती नव्याने नोटीस देईल, सुनावणी घेईल, त्यात काही महिने जातील. मुलीच्या हातात दहा दिवस आहेत. कागदावर ती जिंकेल आणि तिची जागा जाईल.

वडिलांच्या वैधतेचा आधार मात्र वेगळ्या तऱ्हेचा आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर त्याच कुटुंबातल्या मुलीला ती नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात २०१० साली सांगितलं. हा आधार टिकला तर न्यायालय समितीला थेट 'प्रमाणपत्र द्या' असा आदेश देऊ शकतं. म्हणून पानावर तो पहिला येतो आणि नैसर्गिक न्यायाचा आधार, तो कितीही पक्का असला तरी, शेवटी जातो. पहिल्या आधाराची नोंद साधारण अशी होते :

'आधार १ : वडिलांची वैधता (परि. ड, पान ७१) नाकारण्याचं कारण अभिलेखाशी विसंगत. समिती म्हणते, दक्षता चौकशी झाली नव्हती (आदेश, पान ५४). वडिलांच्या २००९ च्या आदेशातच दक्षता अहवालाचा उल्लेख आहे (पान ७५, परिच्छेद ४). कथन : याचिका परिच्छेद ११. प्रार्थना (अ) व (ब).'

या नोंदीत कायद्याचं विवेचन नाही, विशेषणं नाहीत. सिनियरना कायदा ठाऊक असतो. त्यांना हवा असतो पान क्रमांक. न्यायमूर्ती 'कुठे म्हटलंय असं?' हे विचारतील तेव्हा बोट पान ७५ वर पडलं पाहिजे. पान उलगडता उलगडता गेलेला अर्धा मिनिट कोर्टात फार मोठा असतो.

पान ७५ चं महत्त्व इथे नीट समजून घ्यायला हवं. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२३ मध्ये निकाल दिला. नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र खरं आहे एवढ्याने भागत नाही. ते देताना आधीच्या समितीने नियमांप्रमाणे चौकशी केली होती का, हेही पाहता येतं, असं त्या निकालात आहे. म्हणजे पान ७५ जोडलेलं नसतं तर हाच निकाल आपल्याविरुद्ध वाचला गेला असता. सरकारी वकील तो वाचणारच. तेव्हा पानावर त्याचा उल्लेख हवा, आणि आपल्याला अडचणीचा असलेला भागही हवा. ज्या यादीत फक्त आपल्या बाजूचं लिहिलेलं असतं, ती सिनियरना भर कोर्टात तोंडघशी पाडते.

दुसरा आधार आप्तभाव चाचणीचा. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं आनंद काटोळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं आणि २०२३ च्या निकालाने ते आणखी स्पष्ट केलं. स्थलांतर, शिक्षण आणि शहरातलं राहणीमान यांमुळे पुढच्या पिढ्यांना जुन्या चालीरीती सांगता येत नाहीत, पण म्हणून त्या जमातीच्या राहत नाहीत असं होत नाही. आनंद काटोळे प्रकरणातच स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदपत्रांना अधिक वजन दिलेलं आहे. आपल्या मुलीच्या पणजोबांची १९४१ ची शाळेची नोंद परिशिष्ट 'क' मध्ये, पान ६४ वर आहे आणि तीत 'ठाकूर' लिहिलेलं आहे. समितीच्या आदेशात या नोंदीचा उल्लेख फक्त कागदपत्रांच्या यादीत येतो. कारणमीमांसेत ती कुठेच नाही.

हा आधार कोणत्या शब्दांत लिहायचा, याला फार महत्त्व आहे. मूळ याचिकेत असं आहे : 'समितीने पुराव्याचं मूल्यमापन चुकीचं केलं.' या एका वाक्याने पूर्ण मुद्दा वाया जाऊ शकतो. रिट अधिकार वापरताना उच्च न्यायालय अपिलासारखं पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. सय्यद याकूब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच ही मर्यादा आखून दिली. वस्तुस्थितीचा निष्कर्ष निव्वळ चुकीचा वाटतो म्हणून हस्तक्षेप होत नाही. पण ग्राह्य आणि महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नाही, किंवा निष्कर्षाला पुरावाच नाही, तर ती कायद्याची चूक ठरते आणि हस्तक्षेप होऊ शकतो. तेव्हा पानावर लिहायचं : '१९४१ ची नोंद (पान ६४) कारणमीमांसेत विचारात घेतलेलीच नाही. पाहा पान ५४ ते ५९.' कागद तोच आणि तक्रारही तीच, पण पहिल्या मांडणीला 'आम्ही अपील ऐकत नाही' हे उत्तर मिळतं आणि दुसरीला मिळत नाही.

तिसरा आधार क्षेत्रबंधनाचा, तो दोन ओळींत संपतो. अनुसूचित जमातींच्या यादीतली ही क्षेत्राची अट १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने काढून टाकली. कुटुंब जुन्या पट्ट्याबाहेरचं आहे, एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही.

चारही आधारांच्या नोंदीत 'कथन' म्हणून याचिकेतला परिच्छेद क्रमांक लिहिलेला असतो. तो कशासाठी? रिट याचिकेत नुसता कायद्याचा मुद्दा मांडून चालत नाही. त्याला लागणारी वस्तुस्थिती याचिकेतच सांगावी लागते आणि तिचा पुरावा जोडावा लागतो. भारत सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या १९८८ च्या निकालात ते स्पष्ट झालं आहे. यादी करताना कधी असं आढळतं की आधार उत्तम आहे, पण वस्तुस्थितीच्या परिच्छेदांत त्याचा मागमूस नाही. आपल्या याचिकेत 'भाट' नोंदीबाबत तसंच झालं आहे. 'नैसर्गिक न्यायाचा भंग' हे शब्द आधारांमध्ये आहेत, पण ही नोंद आपल्याला दाखवली नव्हती, हे वाक्य शपथेवरच्या कथनात कुठेच नाही. अशा वेळी पानावर सरळ लिहायचं की कथन नाही, दुरुस्ती लागेल. सकाळी याचिकेत दुरुस्तीची परवानगी मागता येते. युक्तिवाद अर्ध्यावर आला असताना ही गोष्ट कळली, तर सावरायला फार थोडी जागा उरते.

समितीच्या वतीने उत्तराचं प्रतिज्ञापत्र आलं असेल तर तेही आदेशाशी ताडून पाहावं लागतं. आदेशात नसलेलं कारण प्रतिज्ञापत्रात हळूच आलेलं असतं. आदेशाचं समर्थन त्यात दिलेल्या कारणांवरच व्हायला हवं, मागाहून त्यात भर घालता येत नाही, हे तत्त्व मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून, म्हणजे १९७७ पासून, प्रस्थापित आहे. पानावर ते नवं कारण लिहून पुढे 'आदेशात नाही' एवढी खूण केली की पुरे.

आता पानाचा खालचा भाग, म्हणजे प्रार्थना. वकिली बोलीत याला 'प्रेयर क्लॉज' म्हणतात. बहुतेक ज्युनियर तो जसाच्या तसा उतरवतात आणि तो बरोबर आहे असं गृहीत धरतात. माझा अनुभव असा की याचिकेचा सर्वांत कमी तपासलेला भाग हाच असतो, कारण तो सगळ्यात शेवटी, दमल्यावर आणि बहुधा जुन्या याचिकेवरून लिहिलेला असतो. आपल्या याचिकेत तो असा आहे. (अ) समितीचा आदेश रद्द करावा. (ब) वैधता प्रमाणपत्र देण्याचा आदेश समितीला द्यावा. (क) याचिका प्रलंबित असेपर्यंत समितीच्या आदेशाला स्थगिती द्यावी. (ड) योग्य वाटेल ती अन्य दाद द्यावी.

(अ) आणि (ब) यांची जोडी ठीक आहे. फक्त (अ) असती तर आदेश रद्द होऊनही मुलीच्या हातात प्रमाणपत्र आलं नसतं. गोम आहे ती (क) मध्ये. समितीने नकार दिला आहे, आणि नकाराला स्थगिती दिली की होकार तयार होत नाही. मुलीकडे काल वैधता नव्हती, स्थगितीनंतर आजही नाही. महाविद्यालय विचारील, 'प्रमाणपत्र कुठे आहे?' आणि स्थगितीचा आदेश त्याचं उत्तर देत नाही. तिला अंतरिम दाद हवी ती अशी : याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून, वैधता प्रमाणपत्र नाही एवढ्या कारणावरून तिचा प्रवेश रद्द करू नये. यात प्रमाणपत्र मागितलेलं नाही, फक्त जागा राखून ठेवायला सांगितलं आहे. अंतिम दादच अंतरिम टप्प्यावर मागितली तर न्यायालय सहसा देत नाही, म्हणून हा फरक जपावा लागतो.

पण हा आदेश कुणाला द्यायचा? महाविद्यालयाला आणि प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाला. याचिकेत प्रतिवादी आहेत दोनच, राज्य शासन आणि तपासणी समिती. ज्याला आदेश हवा तोच पक्षकार नाही. यादी करणाऱ्याने प्रत्येक प्रार्थनेपुढे प्रतिवादीचा क्रमांक लिहिण्याची सवय ठेवली तर ही चूक लगेच दिसते, कारण (क) पुढे लिहायला क्रमांकच मिळत नाही. पानावर तांबड्या शाईत एक ओळ येते : 'महाविद्यालय व सीईटी कक्ष यांना पक्षकार करणे आणि प्रार्थना (क) बदलणे, दोन्ही सुनावणीपूर्वी.' या एका ओळीसाठी ते पान तयार केलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

प्रार्थना (ड) वर विसंबून राहू नये. 'अन्य योग्य दाद' या शब्दांच्या जोरावर न्यायालय दादेचं स्वरूप थोडं बदलू शकतं, पण जी दाद मागितलीच नाही आणि जिच्याबद्दल दुसऱ्या पक्षाला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही, ती त्यातून निघेल याचा भरवसा नसतो.

आणखी एक गोष्ट पानावर हवी, जी याचिकेत कुठेच नसते. खंडपीठ पहिल्या पाच मिनिटांत विचारणार, 'परत का पाठवू नये?' सिनियरकडे त्याची दोन उत्तरं तयार असावी लागतात. पहिलं उत्तर पान ७५ : कागद पूर्ण आहे, समितीने नव्याने तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. ते पटलं नाही तर पर्यायी दाद. 'भाट' या नोंदीमुळे वडिलांची वैधता पुन्हा तपासायची आहे, असं समिती म्हणते. तशी फेरतपासणी चालू असली किंवा व्हायची असली, तर मुलीला सशर्त प्रमाणपत्र देण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठांनी अनेक प्रकरणांत दिले आहेत. नातेवाइकाच्या फेरतपासणीचं जे होईल ते तिच्या प्रमाणपत्रालाही लागू, आणि मधल्या काळात मिळालेल्या लाभाच्या आधारे तिने हक्क सांगायचा नाही, अशी ती अट असते. ही पर्यायी दाद प्रार्थनेत (ब-१) म्हणून घालून ठेवलेली बरी.

ही दाद मागण्याआधी मात्र पक्षकाराशी बोलावं लागतं आणि काय बोलणं झालं ते पानावर लिहावं लागतं. अट स्वीकारली आणि पुढे दावा अवैध ठरला, तर मिळालेला लाभ जातो. हेतू प्रामाणिक होता, या बचावाने प्रवेश किंवा नोकरी वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध जगदीश बहिरा या २०१७ च्या निकालात सांगितलं आहे. पदवी हातात येता येता ती जाण्याचा धोका त्या मुलीला आज समजावून सांगावा लागतो. शिवाय फेरतपासणी होणार आहे ती वडिलांच्या प्रमाणपत्राची. ते राखीव जागेवर नोकरीत असतील, तर मुलीच्या प्रवेशासाठी दिलेली संमती त्यांच्या नोकरीवर येऊ शकते. म्हणून वडिलांना वेगळं बसवून विचारायचं. त्यांचं उत्तर, ते दिल्याची तारीख आणि त्यांची सही असलेला कागद पानाला टाचायचा आणि शेवटच्या नोंदीत लिहायचं : 'सशर्त दादेस याचिकाकर्ती व वडील दोघांची संमती आहे' किंवा 'वडिलांची संमती नाही, (ब-१) मागू नये.'